बचत गटाचं इतिवृत्त: सभेत आलेला-गेलेला पैसा वहीत कसा उतरवायचा

"ताई, आमचा घणसोलीत बारा जणींचा बचत गट आहे. दरमहा १०० रुपये बचत, दीड वर्ष झालं. सभेच्या वहीत आम्ही 'सर्वांनी बचत दिली, दोघींना कर्ज दिलं, चहापान होऊन सभा संपली' एवढंच लिहितो. आता बँकेत कर्जासाठी गेलो तर साहेबांनी वही परत केली. म्हणाले, यातून काहीच कळत नाही. बचत, कर्ज आणि परतफेडीच्या तारखा नेमक्या लिहायच्या कशा? आणि मागचं सगळं आता पुन्हा लिहून काढायचं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बरेच गट घाईत तिथेच चुकतात. जुनी वही पुन्हा लिहू नका. नव्या वहीत, एकाच शाईने, एका रात्रीत उतरवलेली अठरा महिन्यांची इतिवृत्तं बँकेतला माणूस पान उलटताच ओळखतो. मग खऱ्या हिशेबावरचाही विश्वास जातो. मागचा हिशेब जोडायची वेगळी रीत आहे, ती शेवटी सांगते.

साहेब वहीत काय शोधत होते, ते आधी समजून घ्या. ते गटाचं पासबुक समोर ठेवतात, त्यातली एखादी तारीख धरतात (समजा १२ तारखेला ५०० रुपये रोख भरलेत) आणि त्याच्या आधीच्या सभेचं पान उघडतात. हे ५०० कुठून आले, किती बचतीचे, किती कुणाच्या हप्त्याचे, हे त्या पानावर दिसलं पाहिजे. शहरातल्या उपजीविका अभियानातल्या गटांसाठी रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात अट होती की गट किमान सहा महिने प्रत्यक्ष चालू असावा, आणि हे सहा महिने गटाच्या स्वतःच्या हिशेबवह्यांवरून मोजायचे, बँकेत खातं उघडल्याच्या तारखेवरून नाही. म्हणजे गट कधीपासून आणि कसा चालतो याचा पुरावा तुमची वहीच आहे. "सर्वांनी बचत दिली" या वाक्यातून तो पुरावा मिळत नाही.

सभेच्या पानावर पैशाचे चार आकडे असलेच पाहिजेत: सभा सुरू होताना गटाकडे किती होते, सभेत किती आले, किती गेले आणि सभा संपताना किती उरले. पहिल्यात दुसरा मिळवला, तिसरा वजा केला की चौथा यायला हवा. आणि हाच चौथा आकडा पुढच्या सभेच्या पानावर पहिला म्हणून यायला हवा. ही साखळी कुठे तुटली नाही तर वही पक्की. बाकीचं लिखाण म्हणजे या चार आकड्यांचा तपशील.

आता तुमच्यासारख्याच गटाची एक सभा घेऊन पाहू. नावं आणि रकमा नमुन्यादाखल आहेत. बारा सदस्या, बचत १०० रुपये, कर्जावर दरमहा शेकडा २ रुपये व्याज, तेही उरलेल्या मुद्दलावर. सभा दर महिन्याच्या १० तारखेला, कारण घरकामाचे पैसे आणि कारखान्यातले पगार बहुतेक सातपर्यंत होतात. एकोणिसावी सभा आहे, १० जून २०२५, मंगळवार. मागच्या सभेनंतर गटाकडे रोख ६४० आणि बँकेत १५,९८०, मिळून १६,६२० रुपये आहेत. सुनीता आणि वनिता यांची कर्जं चालू आहेत.

सुरुवात अशी:

सभा क्र. १९. दि. १० जून २०२५, मंगळवार, सायंकाळी ७.३०. ठिकाण: कोषाध्यक्षांचे घर. हजर १०, गैरहजर २ (मंदा – पूर्वकल्पना दिली; शकुंतला – कळवले नाही). अध्यक्षस्थानी गटाच्या अध्यक्षा. मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवले, कायम केले. आरंभीची शिल्लक: रोख ६४० रु., बँक १५,९८० रु., एकूण १६,६२० रु. (सोळा हजार सहाशे वीस). रोख रक्कम सभेत मोजली, बरोबर आहे.

शेवटचं वाक्य बहुतेक गट लिहीत नाहीत, आणि भांडणं नेमकी तिथूनच सुरू होतात. रोख शिल्लक वहीतून वाचायची नाही, टेबलावर मोजायची. ६४० म्हणजे ६४० रुपये समोर दिसले पाहिजेत. कोषाध्यक्षबाईंनी त्यातले दोनशे घरखर्चाला वापरले असतील आणि उद्या ठेवणार असतील, तर हे कळायची जागा सभेतच आहे. महिनोन्महिने कुणी मोजलं नाही की दोनशेचे दोन हजार होतात.

आता बचत. इथली नेहमीची चूक म्हणजे १२ गुणिले १०० करून १,२०० लिहून टाकणं. आलेले पैसे लिहायचे असतात, यायला हवे होते ते नाही. बारा जणींची नावं आणि प्रत्येकीचे १०० हे हजेरीच्या तक्त्यात आणि बचत खातेवहीत येतातच, म्हणून इतिवृत्तात पुन्हा सगळी यादी उतरवायची गरज नाही. इतिवृत्तात नाव लिहायचं ते नेहमीपेक्षा वेगळं काही झालं असेल तिचं. कुणी दिले नाहीत, कुणी मागचे दिले, कुणी पुढचे आगाऊ दिले, कुणाचे दुसऱ्या वाटेने आले.

बचत: हजर १० सदस्यांकडून जून २०२५ ची बचत प्रत्येकी १०० रु. प्रमाणे १,००० रु. रोख. मंदा यांची जूनची बचत १०० रु. दि. ९ जून रोजी यूपीआयने गटाच्या बँक खात्यात जमा. रेखा यांची मे महिन्याची थकलेली बचत १०० रु. व उशिराचा दंड १० रु. रोख. शकुंतला यांची जूनची बचत १०० रु. बाकी. एकूण बचत जमा १,२०० रु. (रोख १,१००, बँक १००). दंड १० रु. रोख.

एकूण बचत १,२०० झाली, म्हणजे १२ गुणिले १०० इतकीच. पण हा निव्वळ योगायोग आहे. शकुंतलाचे १०० आले नाहीत आणि रेखाचे मे महिन्याचे १०० आले. नुसतं "बचत १,२०० जमा" लिहिलं असतं तर शकुंतलाची बाकी गडप झाली असती आणि वर्षअखेरीला तिच्या पासबुकात आणि खातेवहीत १०० रुपयांचा फरक निघाला असता. तो शोधताना दोन तास जातात, आणि वर "मी दिले होते" हेही ऐकावं लागतं.

यूपीआयबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ठाणे-नवी मुंबईच्या गटांत हल्ली सर्वाधिक घोळ याचाच होतो. पैसे गटाच्या बँक खात्यात आले तर ते "बँक" या रकान्यात लिहायचे. कोषाध्यक्षांच्या स्वतःच्या नंबरवर आले तर ते बँकेत आलेले नाहीत. ते कोषाध्यक्षांच्या हातात आलेली रोकड आहे, आणि सभेत तेवढी रोख टेबलावर ठेवून "रोख" म्हणूनच लिहायची. नाहीतर वहीत बँकेचे १०० दिसतात आणि पासबुकात ते कधीच सापडत नाहीत. पासबुकाशी ताळा जुळत नसेल तर आधी हीच जागा तपासा. शक्य असेल तर वैयक्तिक नंबरवर पैसे घेणं बंदच करा. आणि तारीख पैसे खात्यात पडल्याची लिहा, सभेची नाही. पासबुकात ९ जून आहे, तर वहीतही ९ जून.

मे महिन्याबद्दलही एक गोष्ट. गावी जाणाऱ्या सदस्यांमुळे दरवर्षी मे महिन्यात बचत आणि हप्ते थकतात. एप्रिलच्या सभेत मे महिन्याची बचत आगाऊ घेतली तर "मे २०२५ ची आगाऊ बचत" असंच लिहायचं. नुसती "बचत २०० रु." लिहिली तर मे महिन्यात तीच सदस्य थकबाकीदार दिसते.

परतफेडीकडे येऊ. खरं शिकण्यासारखं इथेच आहे. सुनीताने १० मार्चला ६,००० घेतले होते, सहा हप्त्यांत फेडायचे. एप्रिल आणि मे चे हप्ते वेळेवर आले, म्हणून मुद्दल बाकी ४,०००. जूनचं व्याज ४,००० वर शेकडा २ म्हणजे ८०. ती १,०८० देते आणि बाकी ३,००० राहते. सरळ आहे. फक्त "सुनीता हप्ता १,०८०" असं एकत्र लिहू नका. मुद्दल १,००० आणि व्याज ८० वेगळं लिहा, आणि त्याच ओळीत शिल्लक मुद्दलही लिहा. मुद्दल परत आलं की कर्ज कमी होतं. व्याज म्हणजे गटाची कमाई, आणि ती शेवटी सगळ्यांत वाटायची असते. दोन्ही एकत्र लिहिलं की वर्षअखेरीला गटाने व्याज किती कमावलं ते सांगताच येत नाही.

वनिताचं मात्र सरळ नाही. तिने १० फेब्रुवारीला ५,००० घेतले, पाच हप्ते, १० मार्च ते १० जुलै. मार्च आणि एप्रिलचे हप्ते आले, मुद्दल बाकी ३,०००. मे महिन्यात गावी होती, काहीच दिलं नाही. जूनमध्ये ती हजार रुपये घेऊन येते आणि म्हणते, हा माझा हप्ता. बहुतेक वह्यांत पुढची नोंद "वनिता मुद्दल १,०००, बाकी २,०००" अशी असते, आणि दोन महिन्यांचं व्याज हवेत विरतं. ते मुद्दाम कुणी बुडवत नाही, नोंदीतच राहून जातं.

नियम असा की आलेल्या पैशातून आधी व्याज, मग मुद्दल. मे महिन्याचं व्याज ३,००० वर ६०, जूनचंही ६०, कारण मे महिन्यात मुद्दल कमी झालेलं नाही. एकूण १२०. हजारातून १२० गेले, ८८० मुद्दलात गेले, बाकी २,१२०. गटाने व्याजावर व्याज लावायचं नाही असं ठरवलेलं असेल तर इतकंच. ठरल्यापेक्षा जास्त मुद्दल उरलं म्हणजे मूळचं वेळापत्रक मोडलं. म्हणून नवे हप्ते त्याच सभेत ठरवून लिहायचे, "जमेल तसं देईन" वर सोडायचे नाहीत.

परतफेड: (१) सुनीता, कर्ज दि. १० मार्च २०२५, ६,००० रु. तिसरा हप्ता मुद्दल १,००० + व्याज ८० = १,०८० रु. रोख. मुद्दल बाकी ३,००० रु. (२) वनिता, कर्ज दि. १० फेब्रुवारी २०२५, ५,००० रु. मे २०२५ चा हप्ता थकला. आज १,००० रु. रोख जमा, पैकी मे व जूनचे व्याज १२० रु., मुद्दल ८८० रु. मुद्दल बाकी २,१२० रु. पुढील हप्ते: दि. १० जुलै रोजी मुद्दल १,००० + व्याज ४२ = १,०४२ रु.; दि. १० ऑगस्ट रोजी मुद्दल १,१२० + व्याज २२ = १,१४२ रु. गावी जाण्याचे आधी कळवले असल्याने हप्त्याचा दंड माफ. सर्वानुमते मान्य. एकूण परतफेड २,०८० रु. रोख (मुद्दल १,८८०, व्याज २००).

२,१२० चं व्याज ४२ रुपये ४० पैसे होतं. पूर्ण रुपयांत लिहायचा नियम गटाने आधीच एका सभेत करून ठेवलेला बरा, म्हणजे दर वेळी चर्चा नको. दंड माफ केला तेही लिहायचं. वनिताला माफ केला आणि पुढच्या वेळी शकुंतलाला केला नाही, तर दोन्हींची कारणं वहीत असू द्या.

व्याजाबद्दल वाद होतो तो बहुतेक "दोन टक्के" एवढंच लिहिल्याने. पूर्ण कर्जावर की उरलेल्या मुद्दलावर, हे लिहिलेलं नसतं. ६,००० रुपये सहा महिन्यांसाठी दिले तर पूर्ण रकमेवर दरमहा १२० म्हणजे एकूण ७२० व्याज होतं. उरलेल्या मुद्दलावर १२०, १००, ८०, ६०, ४०, २० असं ४२० होतं. फरक ३०० रुपयांचा. म्हणून प्रत्येक कर्जाच्या ठरावात "शिल्लक मुद्दलावर दरमहा शेकडा २ रु." असे पूर्ण शब्द लिहायचे.

आता नवं कर्ज द्यायचं. त्याआधी किती देता येईल ते काढा. रोख ६४० अधिक आजची रोख ३,१९० (बचत १,१००, दंड १०, परतफेड २,०८०) म्हणजे ३,८३०. बँकेत १५,९८० अधिक मंदाचे १०० म्हणजे १६,०८०. तिघींची मागणी आहे. लताला मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी ६,०००, कविताला पावसाआधी घरावर पत्रे आणि ताडपत्री टाकायला ३,०००, रेखाला मोबाइलसाठी ५,०००.

मागणी कुणाची आणि कशासाठी, किती मंजूर, कुणी सुचवलं, कुणी अनुमोदन दिलं, पैसे कसे दिले आणि हप्ते कोणत्या तारखांना, हे सगळं एका ठरावात यायला हवं. प्रत्येक कर्जाला वेगळा ठराव क्रमांक द्या. पुढे खातेवहीत, पासबुकात, पावतीवर तोच क्रमांक लिहिता येतो आणि कुठलीही नोंद एका मिनिटात सापडते.

ठराव १९/१: लता यांना मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी ६,००० रु. (सहा हजार) कर्ज मंजूर. व्याज शिल्लक मुद्दलावर दरमहा शेकडा २ रु. रक्कम आज लता यांच्या नावे धनादेशाने दिली, धनादेश क्र. ______. परतफेड ६ हप्ते: १० जुलै १,१२०, १० ऑगस्ट १,१००, १० सप्टेंबर १,०८०, १० ऑक्टोबर १,०६०, १० नोव्हेंबर १,०४०, १० डिसेंबर २०२५ रोजी १,०२० रु. सूचक सुनीता, अनुमोदक कविता. मंजूर.

ठराव १९/२: कविता यांना घर दुरुस्तीसाठी ३,००० रु. (तीन हजार) कर्ज मंजूर. व्याज शिल्लक मुद्दलावर दरमहा शेकडा २ रु. रक्कम आज रोख दिली. परतफेड ३ हप्ते: १० जुलै १,०६०; १० ऑगस्ट १,०४०; १० सप्टेंबर २०२५ रोजी १,०२० रु. सूचक लता, अनुमोदक वनिता. मंजूर.

ठराव १९/३: रेखा यांची ५,००० रु. ची मागणी, मे महिन्याची बचत आजच भरली असल्याने, जुलैच्या सभेत विचारासाठी ठेवली.

नाकारलेली किंवा पुढे ढकललेली मागणीही लिहायची. नाहीतर पुढच्या महिन्यात "मला कुणी विचारलंच नाही" हे ऐकू येतं, आणि तेव्हा दाखवायला काही नसतं.

"सहा महिन्यांत परत करावे" असं कधीही लिहू नका. यातून पहिला हप्ता कधी थकला हेच ठरत नाही. सहाव्या महिन्याच्या शेवटी सगळे एकदम मागायचे आणि तिने "माझी मुदत आजपर्यंत होतीच की" म्हणायचं, हे ठरलेलं. प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम लिहिली की थकबाकी त्या दिवशीच दिसते.

तारखा लिहिताना एकदा कॅलेंडर बघा. २०२५ मध्ये १० ऑगस्टला रविवार आहे आणि ९ ऑगस्टला दुसरा शनिवार. सभा रविवारी घ्यायला हरकत नाही, उलट गर्दी बरी जमते. पण दोन्ही दिवस बँक बंद, म्हणून जमलेले पैसे सोमवारी ११ तारखेला भरले जातील. तेवढे दिवस रोकड कुणाकडे, हे वहीत हवं. सभाच पुढे ढकलावी लागली तर सभेची नवी तारीखच हप्त्याची तारीख धरायची, हा नियम एकदाच ठराव करून ठेवा. नाहीतर १० तारखेऐवजी १४ ला आलेला हप्ता कुणी उशिराचा म्हणतं, कुणी वेळेवरचा.

व्याज पैसे हातात पडल्या दिवसापासून मोजायचं, मंजुरीच्या दिवसापासून नाही. धनादेश आठ दिवसांनी दिला, कारण सहीवाल्या दोघींपैकी एक गावी होती, तर पुढच्या इतिवृत्तात "ठराव १९/१ ची रक्कम दि. १८ जून रोजी दिली" असं येऊ द्या. मोठी रक्कम धनादेशाने किंवा थेट सदस्याच्या खात्यात दिलेली बरी. पासबुकात तिचं नाव दिसतं, वेगळा पुरावा लागत नाही. धनादेश सदस्याच्याच नावे काढा, नवऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या नाही. रोख दिली तर सभेतच, सगळ्यांसमोर, कर्ज नोंदवहीत तिची सही घेऊन.

आता शेवटची शिल्लक. झेरॉक्स आणि पेनाचे ३० रुपये खर्च झाले, त्याची पावती आहे.

आजची जमा: बचत १,२०० + दंड १० + परतफेड २,०८० = ३,२९० रु. आजचा खर्च: कर्जवाटप ९,००० + झेरॉक्स व स्टेशनरी ३० = ९,०३० रु. अखेरची शिल्लक: रोख ८०० रु., बँक १०,०८० रु., एकूण १०,८८० रु. (दहा हजार आठशे ऐंशी). रोख ८०० पैकी ५०० रु. कोषाध्यक्षा व मंदा यांनी दि. १२ जूनपर्यंत बँकेत भरावेत, ३०० रु. कोषाध्यक्षांकडे. पुढील सभा दि. १० जुलै २०२५, गुरुवार, सायंकाळी ७.३०.

ताळा करून बघा. १६,६२० अधिक ३,२९०, वजा ९,०३०, बरोबर १०,८८०. बँकेत १०,०८० लिहिलंय, पण लताने धनादेश भरला नसेल तर पासबुकात अजून १६,०८० दिसेल. हा फरक ६,००० चा, म्हणजे नेमका एका धनादेशाचा आहे, घाबरायचं कारण नाही. पुढच्या सभेत पासबुक भरून आणायचं आणि धनादेश वटल्याची तारीख लिहायची. १२ जूनला ५०० भरले की जुलैच्या पानावर आरंभी रोख ३०० आणि बँक १०,५८० येईल. एकूण तेच १०,८८०, फक्त विभागणी बदलली. याहून एक रुपयाचा फरक दिसला तर सभा पुढे न नेता आधी तो शोधा. महिन्याभराचा फरक दहा मिनिटांत सापडतो, वर्षाचा सापडत नाही.

याखाली पुढच्या सभेतली अपेक्षित वसुली एका ओळीत लिहून ठेवा. हे छापील नमुन्यात सहसा नसतं, पण सगळ्यांत उपयोगाचं आहे. जुलैत बचत १,२००, शकुंतलाची बाकी १०० आणि दंड १०. सुनीता १,०६०, वनिता १,०४२, लता १,१२०, कविता १,०६०. एकूण ५,५९२. १० जुलैला वही उघडली की कुणाकडून किती यायचे ते समोर असतं, आणि सभा संपताना ५,५९२ पेक्षा जे कमी आले तेवढी थकबाकी. वेगळी यादी करावी लागत नाही.

दर तीन महिन्यांनी आणखी एक ताळा घ्या. गटाकडे आज जे आहे ते एका बाजूला: शिल्लक १०,८८० आणि सदस्यांकडे कर्जाऊ ३,००० + २,१२० + ६,००० + ३,००० म्हणजे १४,१२०. मिळून २५,०००. दुसऱ्या बाजूला हे आले कुठून ते: बचत २२,७०० (एकोणीस महिन्यांचे २२,८००, त्यातून शकुंतलाचे १०० वजा), आजवरचं व्याज आणि दंड २,८१०, त्यातून खर्च ५१० वजा. तेही २५,०००. दोन बाजू जुळल्या म्हणजे गटाचा पैसा पूर्ण जागेवर आहे. जुळल्या नाहीत तर फरकाचा आकडाच बहुतेक वेळा कारण सांगतो. १०० चा फरक असेल तर कुणाची तरी बचत, ६० किंवा १२० असेल तर न लिहिलेलं व्याज. ९ ने भाग जाणारा असेल तर अंक उलटे लिहिले गेलेत का बघा, ५४० चे ४५० झाले की फरक ९० येतो.

एका गोष्टीबद्दल सावध करते. कर्ज फिटत नाही म्हणून एकाच सभेत जुनं कर्ज "पूर्ण फेड" दाखवून त्याच रकमेचं नवं कर्ज द्यायचं, याला गटांत "जुनं-नवं करणं" म्हणतात. कागदावर परतफेड चोख दिसते, रोख मात्र हललेलीच नसते. बँकेचा माणूस एकाच दिवशी एकाच नावाची जमा आणि कर्ज, तीही सारख्याच रकमेची, बघून हे लगेच ओळखतो. सदस्याला खरंच अडचण असेल तर मुदतवाढीचा साधा ठराव करा: बाकी इतकी, कारण अमुक, नवे हप्ते या तारखांना. वनिताच्या नोंदीत हेच केलंय, आणि ते लपवण्यासारखं नाही.

सह्यांबद्दल थोडक्यात. इतिवृत्त सभेतच लिहायचं, शेवटी वाचून दाखवायचं आणि हजर सगळ्यांच्या सह्या त्याच पानावर घ्यायच्या. अंगठा असेल तर शेजारी नाव आणि एका साक्षीदाराची सही. गैरहजर मंदाची सही नंतर घेऊ नका, ती सभेत नव्हती. चूक झाली तर एक रेघ मारा, जुना आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा आणि अध्यक्ष-सचिव दोघींच्या छोट्या सह्या. पांढरी शाई नको. वहीच्या पानांना सुरुवातीलाच क्रमांक घाला आणि सह्यांखालची कोरी जागा तिरकी रेघ मारून बंद करा.

आता तुमचे मागचे अठरा महिने. जुन्या वहीला हात लावायचा नाही. येत्या सभेच्या आधी बारा जणींची पासबुकं, गटाचं बँक पासबुक आणि कर्ज नोंदवही एकत्र घेऊन बसा. प्रत्येक सदस्याची आजवरची एकूण बचत, चालू कर्जाची मूळ रक्कम व तारीख, आलेलं मुद्दल आणि बाकी, असा एक तक्ता करा. सदस्याचं पासबुक आणि गटाची वही यांत फरक असेल तर तोही तक्त्यात दाखवा, लपवू नका. मग सभेत तो तक्ता वाचून प्रत्येकीची सही घ्या आणि ठराव करा: "सभा क्र. १ ते १८ चा हिशेब तपासला. सोबतच्या तक्त्याप्रमाणे प्रत्येक सदस्याची बचत व कर्ज बाकी सर्व सदस्यांना मान्य आहे. या आकड्यांवरून पुढील हिशेब सुरू करावा." तक्ता वहीत चिकटवा, अर्धा तक्त्यावर आणि अर्धा वहीच्या पानावर येईल असा गटाचा शिक्का मारा. फरक सापडत नसेल तर ती रक्कम "तपासणीत न जुळलेली रक्कम" म्हणून एका ओळीत लिहा आणि ती कोण सोसणार ते त्याच ठरावात ठरवा.

त्यानंतर नव्या पद्धतीने तीन-चार सभा होऊ द्या आणि मग बँकेत जा. जाताना जुनी-नवी दोन्ही वही, भरून आणलेलं पासबुक आणि हा ठराव असलेलं पान उघडून न्या. महापालिकेच्या समाज विकास विभागाच्या समूह संघटक तुमच्या वस्तीत येत असतील तर तक्ता आधी त्यांना दाखवून घ्या. त्यांनी जुन्या वह्या पाहिलेल्या असल्या तर बँकेत तुमच्या बाजूने दोन शब्द बोलणं त्यांना सोपं जातं.